इंग्रजी ईमेलमधील दुहेरी नकार

दुहेरी नकार म्हणजे एकाच उपवाक्यातील एकाच क्रियेचा निषेध दोन नकारवाचक शब्दांनी करणे होय. ‘आय डोन्ट हॅव नो टाइम’ हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. यात ‘डोन्ट’ आणि ‘नो’ असे दोन नकार आहेत. प्रमाण इंग्रजीत यांपैकी एकच पुरेसा असतो. म्हणून ‘आय डोन्ट हॅव एनी टाइम’ किंवा ‘आय हॅव नो टाइम’ असे लिहिले जाते. हार्डली, स्केअर्सली आणि बेअरली ही क्रियाविशेषणे दिसायला नकारवाचक नसली तरी त्यांच्या अर्थात नकार सामावलेला असतो. त्यामुळे त्यांच्याबरोबर ‘नॉट’ किंवा ‘नो’ आले की तेथेही दुहेरी नकार घडतो.

मराठी भाषकांच्या इंग्रजी पत्रव्यवहारात हा दोष बहुधा मराठी वाक्याच्या शब्दशः भाषांतरातून येतो. मराठीतील ‘कोणीच’, ‘फारसा’, ‘जोपर्यंत’ यांसारख्या शब्दांना क्रियापदावर स्वतंत्र ‘नाही’ लागते, तर त्यांचे प्रतिशब्द म्हणून वापरले जाणारे इंग्रजी शब्द तो नकार स्वतःमध्येच बाळगून असतात. व्यापारी ईमेलमध्ये अशा वाक्याने अटीचा अर्थ उलटा होऊ शकतो.

## मराठी आणि इंग्रजी नकाररचनेतील फरक

मराठीत नकार मुख्यतः क्रियापदाजवळ असतो. नाही, नव्हता, नसतो, नको, नये ही रूपे वाक्याचा निषेध करतात. ‘कोणीच आले नाही’ या वाक्यात निषेध फक्त ‘नाही’ या शब्दाने होतो. ‘कोणी’ हे अनिश्चित सर्वनाम आहे आणि ‘च’ हा अवधारणार्थक प्रत्यय त्याला जोर देतो. ‘कोणी आले का?’ या प्रश्नातही तेच ‘कोणी’ येते व तेथे नकाराचा मागमूस नसतो. ‘काहीच नाही’, ‘कधीच नाही’, ‘कुठेच नाही’ या रचना याच घडणीच्या आहेत. म्हणजेच ‘कोणीच आले नाही’ यात व्याकरणदृष्ट्या नकार एकच आहे.

इंग्रजीत मात्र ‘नोबडी’, ‘नथिंग’, ‘नेव्हर’, ‘नोव्हेअर’ हे शब्द स्वतःच नकारवाचक आहेत. शिकणाऱ्याने ‘कोणीच’ म्हणजे ‘नोबडी’ आणि ‘नाही’ म्हणजे ‘नॉट’ अशी जोडी पाठ केली, तर ‘कोणीच आले नाही’ याचे ‘नोबडी डिड नॉट कम’ होते. या वाक्याचा इंग्रजी अर्थ ‘न आलेला असा कोणीच नाही’, म्हणजे ‘सगळे आले’, असा निघतो. वस्तुतः नकारार्थी वाक्यातील ‘कोणी’चा प्रतिशब्द ‘एनीबडी’ आहे. ‘नोबडी’ हा एकटा शब्द ‘कोणीच’ व ‘नाही’ या दोहोंचे काम करतो.

मराठीतही जेव्हा खरोखर दोन स्वतंत्र नकार येतात तेव्हा त्यांतून होकारच निघतो. ‘मला हे ठाऊक नाही असे नाही’ म्हणजे ठाऊक आहे, आणि ‘तो आल्याशिवाय राहणार नाही’ म्हणजे तो नक्की येणार. दोन नकार मूळ अर्थाचीच पुष्टी करतात, हा न्याय संस्कृत व्याकरणपरंपरेतही प्रसिद्ध आहे. त्यामुळे प्रमाण इंग्रजीचा नियम मराठी भाषकाला परका नाही. अडचण एवढीच की मराठीत एक असलेला नकार भाषांतरात नकळत दोन होतो.

## हार्डली, स्केअर्सली आणि बेअरली

हे तिन्ही शब्द इंग्रजी व्याकरणात अर्धनकारी मानले जातात. ‘हार्डली’ हा ‘हार्ड’ या शब्दापासून झाला असून त्याचा जुना अर्थ ‘कष्टाने’ असा होता. कष्टाने होणारी गोष्ट जेमतेम होते आणि जेमतेम होणारी जवळजवळ होतच नाही, या क्रमाने शब्दाचा अर्थ नकाराकडे सरकला. मराठीत ‘मुश्किलीने दहा माणसे आली’ या वाक्यात ‘मुश्किलीने’ याच वाटेने ‘जेमतेम’ या अर्थाला पोहोचले आहे. ‘स्केअर्सली’ हा टंचाई दर्शवणाऱ्या ‘स्केअर्स’ या शब्दापासून, तर ‘बेअरली’ हा ‘उघडा, नुसता’ असा अर्थ असलेल्या ‘बेअर’ या शब्दापासून बनला आहे.

या शब्दांतील नकार दोन खुणांनी ओळखता येतो. पहिली खूण म्हणजे त्यांच्यानंतर ‘सम’ऐवजी ‘एनी’ आणि ‘समटाइम्स’ऐवजी ‘एव्हर’ येते: ‘हार्डली एनी’, ‘हार्डली एव्हर’. हे एरवी नकारार्थी वाक्यात घडते. दुसरी खूण वाक्याच्या शेवटी जोडल्या जाणाऱ्या छोट्या प्रश्नाची आहे. होकारार्थी वाक्याला नकारार्थी प्रश्न जोडतात, नकारार्थी वाक्याला होकारार्थी. ‘ही हार्डली कम्स’ या वाक्याला ‘डझ ही?’ असा होकारार्थी प्रश्न जोडला जातो. म्हणजे इंग्रजी भाषक ते वाक्य नकारार्थीच समजतो.

### ‘फारसा’ आणि ‘जेमतेम’

‘हार्डली’च्या वापरातील चुकीचे मूळ बरेचदा ‘फारसा’ या शब्दात असते. मराठीत हा शब्द नकारासोबतच येतो. ‘फारसा वेळ आहे’ असे कोणी म्हणत नाही. ‘फारसा वेळ नाही’ असेच म्हणतात. ‘सहसा’ हाही पुष्कळदा असाच वापरला जातो: ‘तो सहसा उशीर करत नाही.’ या शब्दांच्या जागी ‘हार्डली’ किंवा ‘रेअरली’ ठेवून ‘नाही’चे ‘नॉट’ कायम राखले की ‘आय डोन्ट हार्डली हॅव टाइम’ असे वाक्य तयार होते. ‘हार्डली’ म्हणजे ‘फारसा’ नव्हे, तर ‘फारसा नाही’ हे दोन्ही शब्द मिळून ‘हार्डली’ होते. ‘फारसा विलंब न होता’ याचे ‘विदाउट हार्डली एनी डिले’ होते तेही यामुळेच. तेथे ‘विदाउट’मध्ये एक नकार आणि ‘हार्डली’मध्ये दुसरा, शुद्ध रूप ‘विथ हार्डली एनी डिले’ असे आहे.

याउलट ‘जेमतेम’, ‘कसाबसा’ आणि ‘क्वचितच’ हे शब्द मराठीतही होकारार्थी क्रियापद घेतात. ‘जेमतेम वीस गोण्या भरल्या’, ‘तो क्वचितच येतो’ या वाक्यांत ‘नाही’ नाही. म्हणून मनात आलेल्या ‘फारसा नाही’च्या जागी आधी ‘जेमतेम’ किंवा ‘क्वचितच’ घालून मराठी वाक्य पुन्हा रचले, तर इंग्रजीत दुसरा नकार येण्याचे कारणच उरत नाही.

### हार्डली व बेअरली यांतील अर्थभेद

तिन्ही शब्द समानार्थी सांगितले जातात, तरी त्यांचा कल वेगळा आहे. ‘बेअरली’ काठावर का होईना पण घडलेल्या गोष्टीकडे झुकते, तर ‘हार्डली’ न घडण्याकडे. ‘वुई बेअरली मॅनेज्ड टू लोड द कंटेनर’ म्हणजे कंटेनर कसाबसा का होईना भरला गेला. ‘वुई हार्डली लोडेड एनीथिंग’ म्हणजे जवळजवळ काहीच भरले गेले नाही. ‘स्केअर्सली’ अर्थाने ‘हार्डली’च्या जवळचे पण अधिक ग्रांथिक आहे, त्यामुळे रोजच्या ईमेलमध्ये ते कमी आढळते.

भारतीय इंग्रजीत ‘हार्डली फाइव्ह मिनिट्स’ असा वापर ‘फार तर पाच मिनिटे’ या अर्थाने रूढ आहे. भारतीय वाचकाला तो कळतो. परदेशी वाचकाला ‘पाच मिनिटेसुद्धा नाहीत’ असे वाटू शकते. अशा वेळी ‘ओन्ली अबाउट’ किंवा ‘अ‍ॅट मोस्ट’ लिहिणे निःसंदिग्ध ठरते. ‘कष्टाने’ या अर्थी ‘ही वर्क्स हार्डली’ लिहिणे ही आणखी एक प्रचलित चूक आहे. ‘तो कष्टाने काम करतो’ याचे रूप ‘ही वर्क्स हार्ड’ असे आहे. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो फारसे काम करत नाही.

### ‘होतो न होतो तोच’

‘लिलाव सुरू होतो न होतो तोच पाऊस आला’ या मराठी रचनेत ‘न’ हा शब्द प्रत्यक्ष उपस्थित असतो. इंग्रजीत तिचे रूप ‘हार्डली हॅड द ऑक्शन बिगन व्हेन इट रेन्ड’ असे होते. येथे ‘हार्डली’ वाक्यारंभी आल्याने सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी जाते व ‘नॉट’ कोठेही येत नाही. ‘हार्डली’ व ‘स्केअर्सली’ यांच्याशी ‘व्हेन’ जुळते, तर ‘नो सूनर’शी ‘दॅन’. शालेय वाक्यपरिवर्तनात या रचना एकत्र शिकवल्या जातात, आणि त्यातून ‘हार्डली… दॅन’ असे मिश्रण लिहिले जाते.

## ‘जोपर्यंत… नाही’ आणि ‘अनटिल’

व्यापारी पत्रव्यवहारात सर्वांत धोक्याची ठरणारी रचना अटीची आहे. ‘जोपर्यंत तुम्ही आगाऊ रक्कम पाठवत नाही, तोपर्यंत आम्ही माल भरणार नाही’ या मराठी वाक्यात दोन्ही उपवाक्यांत नकार आहे आणि तो बिनचूक आहे. ‘जोपर्यंत’ हा शब्द येथे कालावधी दाखवतो: रक्कम येत नाही असा काळ जितका चालेल, तितका काळ माल भरला जाणार नाही. इंग्रजी ‘अनटिल’ मात्र एक क्षण दाखवतो. रक्कम येण्याचा क्षण हीच त्याची सीमा असल्याने त्या उपवाक्यात नकार लागत नाही. ‘अनटिल यू डोन्ट पे’ याचा शब्दार्थ ‘तुम्ही पैसे देत नाही अशी वेळ येईपर्यंत’ असा विचित्र होतो. शुद्ध वाक्य ‘वुई विल नॉट लोड अनटिल यू पे’ असे आहे. मराठीप्रमाणे दोन्हीकडे नकार ठेवायचाच असेल, तर ‘अ‍ॅज लाँग अ‍ॅज यू डू नॉट पे’ हे रूप चालते, कारण तेही कालावधी दाखवते. हिंदीतील ‘जब तक… नहीं’ ही रचना मराठीसारखीच असल्याने ही चूक हिंदी भाषकांच्या इंग्रजीतही आढळते.

‘अनटिल’च्या चुकीत हेतू बहुधा कळून येतो, ‘अनलेस’च्या चुकीत अर्थ सरळ उलटतो. ‘अनलेस’ म्हणजे ‘जर… नाही तर’. त्यात नकार आधीच आहे. ‘वुई विल नॉट लोड अनलेस यू डोन्ट पे’ याचा अर्थ ‘तुम्ही पैसे दिले नाहीत तरच आम्ही माल भरू’ असा होतो. लिहिणाऱ्याला जी अट घालायची होती तिच्या नेमकी विरुद्ध अट कागदावर येते.

## उदाहरण : लासलगाव येथील कांदा व्यापार

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव हे कांद्याच्या घाऊक व्यापाराचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे. येथील कृषी उत्पन्न बाजार समितीतील लिलावांत ठरणाऱ्या भावांकडे देशभराचे लक्ष असते. परिसरातील उन्हाळ कांदा चाळीत काही महिने साठवला जातो आणि त्यातील काही भाग निर्यातीसाठी जातो. कोंब येणे व सड ही साठवणुकीतील दोन मोठी नुकसाने आहेत. कांद्याला कोंब येऊ नयेत यासाठी विकिरण प्रक्रिया करणारे भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे केंद्रही लासलगाव येथेच आहे. मालाची स्थिती, आकार आणि रकमेची अट या तीन गोष्टी निर्यातीच्या पत्रात वारंवार येतात आणि तिन्हींच्या वाक्यांत नकार असतो.

पुढील मजकूर स्पष्टीकरणासाठी रचलेला नमुना आहे. तो कोणत्याही प्रत्यक्ष व्यवहारातील नाही. एक कांदा व्यापारी परदेशी खरेदीदाराला लिहितो:

> वुई डोन्ट हॅव नो स्मॉल साइज इन धिस लॉट. देअर इज नॉट हार्डली एनी स्प्राउटिंग. नोबडी हॅज नॉट कम्प्लेन्ड टिल डेट. वुई विल नॉट लोड द कंटेनर अनलेस यू डोन्ट सेंड द अ‍ॅडव्हान्स.

लिहिणाऱ्याच्या मनातील मराठी असे आहे: या मालात लहान आकाराचा कांदा मुळीच नाही, कोंब फारसे आलेले नाहीत, आजवर कोणीच तक्रार केलेली नाही, आगाऊ रक्कम आल्याशिवाय कंटेनर भरला जाणार नाही. मराठीत चारही वाक्ये निर्दोष आहेत.

पहिले वाक्य खरेदीदाराला बहुधा कळेल, पण ते अशिक्षित वळणाचे वाटेल. दुसऱ्या वाक्यात तो थबकेल. ‘नॉट हार्डली’ म्हणजे ‘थोडेथोडके नव्हे’ असा अर्थ लावला, तर कोंब भरपूर आले आहेत असे ठरते. आणि याच मुद्द्यावर मालाचा भाव अवलंबून असतो. तिसऱ्या वाक्याचा शब्दशः अर्थ ‘तक्रार न केलेला एकही ग्राहक नाही’ असा आहे. चौथ्या वाक्यात अट उलटली आहे. एकूण संदर्भावरून हेतू ओळखता येईल, परंतु पुढे वाद झाल्यास पत्रातील शब्दच पुरावा म्हणून पाहिले जातात.

प्रत्येक वाक्यातील एक नकार काढला की मजकूर असा होतो:

> वुई हॅव नो स्मॉल साइज इन धिस लॉट. देअर इज हार्डली एनी स्प्राउटिंग. नोबडी हॅज कम्प्लेन्ड टिल डेट. वुई विल नॉट लोड द कंटेनर अनलेस यू सेंड द अ‍ॅडव्हान्स.

शेवटचे वाक्य होकारार्थी करणे अधिक सुरक्षित ठरते: ‘वुई विल लोड द कंटेनर आफ्टर वुई रिसीव्ह द अ‍ॅडव्हान्स.’ यात नकार नसल्याने चुकीला जागाच नाही. कोंबांविषयीचे वाक्यही ‘हार्डली’ऐवजी मोजमापाने लिहिता येते, शंभर कांद्यांत किती कांद्यांना कोंब आहेत हे सांगितले की शब्दाच्या छटेवर विसंबावे लागत नाही.

## नेहमीच्या रचना

| मराठी | सदोष इंग्रजी | प्रमाण इंग्रजी |
|---|---|---|
| माझ्याकडे मुळीच वेळ नाही | आय डोन्ट हॅव नो टाइम | आय डोन्ट हॅव एनी टाइम |
| फारसा माल शिल्लक नाही | देअर इजन्ट हार्डली एनी स्टॉक | देअर इज हार्डली एनी स्टॉक |
| आम्ही कधीच उशीर केला नाही | वुई हॅव नॉट नेव्हर बीन लेट | वुई हॅव नेव्हर बीन लेट |
| तुम्ही कळवत नाही तोपर्यंत थांबतो | वुई विल वेट अनटिल यू डोन्ट इन्फॉर्म | वुई विल वेट अनटिल यू इन्फॉर्म अस |
| आवाज जेमतेम ऐकू आला | वुई कुडन्ट बेअरली हिअर | वुई कुड बेअरली हिअर |

## चूक ओळखण्याची पद्धत

पत्र पाठवण्यापूर्वी प्रत्येक क्रियापदापाशी थांबून त्याच्या उपवाक्यातील नकार मोजणे ही सर्वांत सोपी पद्धत आहे. मोजताना नॉट, नो, नेव्हर, नोबडी, नथिंग यांच्याबरोबर हार्डली, स्केअर्सली, बेअरली, रेअरली, सेल्डम, विदाउट आणि अनलेस हेही नकार धरावे लागतात. एका क्रियापदाच्या वाट्याला एकाहून अधिक नकार आले, तर वाक्य तपासावे. मोजणी संपूर्ण वाक्याची न करता उपवाक्याची करणे आवश्यक आहे. ‘वुई विल नॉट लोड अनलेस यू पे’ यात दोन नकार असले तरी ते दोन वेगळ्या क्रियापदांचे आहेत आणि वाक्य शुद्ध आहे.

या मोजणीला मर्यादा आहे. ‘नॉट अनकॉमन’, ‘नॉट इम्पॉसिबल’ यांसारख्या प्रयोगांत दोन नकार हेतुपुरस्सर येतात व सौम्य होकार सुचवतात; मराठीतील ‘अशक्य नाही’ हा तसाच प्रयोग आहे. तो चूक नव्हे. मात्र वाचकाला असे वाक्य मनात उलटून पाहावे लागते, म्हणून अटी व आकडे सांगणाऱ्या पत्रात तो टाळला जातो.

## इंग्रजीतील इतिहास आणि बोली

इंग्रजीत दुहेरी नकार नेहमीच दोष मानला जात नव्हता. जुन्या व मध्ययुगीन इंग्रजीत एकाच वाक्यात अनेक नकार येत आणि ते परस्परांना छेद न देता निषेध अधिक ठसवत; चौदाव्या शतकातील जेफ्री चॉसरच्या लेखनात अशी वाक्ये आढळतात. प्रमाण लेखनातून ही पद्धत हळूहळू मागे पडली. दोन नकारांचा होकार होतो हा नियम अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी दृढ केला. रॉबर्ट लोथ यांचे १७६२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले व्याकरण आणि लिंडली मरे यांचे १७९५ मधील शालेय व्याकरण यांच्या प्रभावामुळे तो शिक्षणात रुजला.

बोलीभाषांत जुनी पद्धत अद्याप जिवंत आहे. इंग्लंडमधील अनेक बोलींत, अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि आफ्रिकी-अमेरिकी इंग्रजीत ‘आय डोन्ट हॅव नो टाइम’ हे सहज बोलले जाते व त्याचा अर्थ ‘मला वेळ नाही’ असाच होतो. भाषाविज्ञानात या रचनेला नकारसंवाद म्हणता येईल. स्पॅनिश आणि रशियन भाषांत तर ती प्रमाण व्याकरणाचाच भाग आहे. चित्रपट व गीतांतून मराठी शिकणाऱ्यांच्या कानांवर ती पडते, परंतु औपचारिक ईमेलची भाषा प्रमाण इंग्रजी असल्याने तेथे ती अशुद्धच गणली जाते.

मराठी भाषकाची चूक या बोलींच्या वापरापेक्षा मुळात वेगळी आहे. बोलीत दोन्ही नकार भाषेच्या नियमानुसार येतात. मराठी भाषकाच्या वाक्यात दुसरा नकार भाषांतरात भरीला पडतो. म्हणून केवळ ‘दोन नकार लिहू नयेत’ एवढा नियम सांगून ती सुटत नाही. ‘कोणी’ म्हणजे ‘एनीबडी’, ‘फारसा नाही’ म्हणजे ‘हार्डली’ आणि ‘जोपर्यंत… नाही’ म्हणजे ‘अनटिल’ अशा पूर्ण जोड्या लक्षात ठेवल्या, म्हणजे नकार कोणत्या शब्दात जमा झाला आहे हे लिहितानाच कळते.